सोयरीक मोडल्याचा निरोप

सोयरीक जुळल्याची बातमी पेढ्यांबरोबर घरोघर जाते. मोडल्याची बातमी अडून राहते, आणि घर गप्प बसलं की नातेवाईक आपापली गोष्ट रचतात.

आमच्या शेजारच्या सांगलीत हे दिसलं. क्रिकेटपटू स्मृती मानधना यांचं लग्न २३ नोव्हेंबर २०२५ ला तिथं व्हायचं होतं. वडिलांची तब्येत बिघडली आणि ते लांबणीवर पडलं. कारण खरंच होतं, पण 'लांबणीवर' या शब्दानं दार उघडं राहतं. पुढचे दोन आठवडे तर्कवितर्कांत गेले. ७ डिसेंबरला त्यांनी स्वतःच इन्स्टाग्रामवर थोडक्यात कळवलं, की लग्न रद्द झालं आहे, विषय इथंच थांबवू या, दोन्ही घरांचा खासगीपणा जपा. कारण सांगितलं नाही, कुणाला दोषही दिला नाही.

माझ्या पुतणीची मंगनी मोडली, तेव्हा आम्ही घरात बसून निरोप ठरवला. “मुलीची मंगनी दोन्ही घरांनी मिळून मोडली आहे. हे लग्न होणार नाही. देणंघेणं परत झालं. मुलगी बरी आहे. याबद्दल आम्ही आणखी काही बोलणार नाही.” देणंघेणं मुद्दाम घातलं, कारण पहिला प्रश्न अंगठीचाच येतो. मात्र 'दोन्ही घरांनी मिळून' हे खरं असेल तरच म्हणावं. नाहीतर नुसतं 'मोडली' पुरे. आणखी एक सांगतो. आमच्यात मंगनी म्हणजे वचन, निकाह नव्हे. त्यामुळं तलाक, इद्दत असलं काही इथं येतच नाही. हे माहीत असूनही लोक कुजबुजतात, ते वेगळं.

पहिला फोन थोरल्या फुफूंना आणि स्थळ आणणाऱ्यांना, त्याच संध्याकाळी. मोठ्यांना बाहेरून कळलं तर राग बातमीवर नसतो, उशिरावर असतो. बाकीच्यांना मोबाईलवर तोच मजकूर.

खरी परीक्षा 'पण का?' इथं होते. 'मुलाची नोकरी बदलली' म्हणालात, की कुठं बदलली, पगार किती, आधी चौकशी नव्हती केली का, अशी रांग लागते. प्रत्येक कारणाला पुढचा प्रश्न चिकटलेला असतो. आमच्या खालाजानने तीनदा विचारलं. वहिनींनी तिन्ही वेळा तेच वाक्य, त्याच शब्दांत सांगितलं. मग खालाजानने दादीला गाठलं, तर तिथंही तेच! घरात दोन उत्तरं निघाली असती, तर महिनाभर फोन वाजले असते. पुतणीला मात्र कुणाच्याही फोनवर बोलावलं नाही.

एक अपवाद मी मानतो. मुलाचं आधीचं लग्न लपवलं होतं, असं काही पक्कं कळलं असेल, तर ते स्थळ आणणाऱ्याला एकट्याला, समोर बसून सांगावं. उद्या तो तेच स्थळ दुसऱ्या मुलीच्या दारात नेणार असतो.