पैठणीचा रंग कुठल्या कोनातला?

कॅटलॉगसाठी फ्रीलान्स फोटोग्राफर ठरला की दुकानदार त्याला कामाचं जे पत्र पाठवतो, त्यात एक वाक्य हमखास असतं: "रंग जसा आहे तसाच यावा." एकरंगी सुती साडीला हे चालून जातं. धूपछाव पैठणीला मात्र 'जसा आहे तसा' असा एक रंग नसतोच. तीच साडी खिडकीकडे धरली की राणी दिसते, पाव फेरा फिरवली की राघू हिरवी. मग फोटोग्राफरने नेमका कुठला रंग आणायचा? हे पत्रात लिहिलेलं नसेल, तर तो त्याच्या लाइट्सच्या सवयीप्रमाणे एक रंग उचलणार. गिऱ्हाईक फोटोत राणी साडी बघून पैसे भरणार आणि घरी घडी उलगडल्यावर हिरवी झाक बघून साडी परत पाठवणार.

येवल्याच्या एका विक्रेत्यासाठी असं पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी आधी साडी भिंगाखाली धरली. धूपछावीत लांबीच्या दिशेने जाणारे धागे, म्हणजे ताणा, एका रंगाचे असतात आणि रुंदीच्या दिशेचे, म्हणजे बाणा, दुसऱ्या रंगाचे. या साडीत ताणा राणी होता, बाणा राघू. भिंगातून दोन्ही रंग शेजारी शेजारी, जवळपास सारख्याच प्रमाणात दिसतात. नुसत्या डोळ्यांना त्यातला एक वरचढ ठरतो, त्याचं कारण धाग्याच्या आकारात आहे.

रेशमाचा तंतू लांब, गुळगुळीत आणि चकचकीत असतो. बांधकामाच्या जागी सळयांची मोळी उन्हात पडलेली असली तर तिच्यावर चमक कशी दिसते, ते आठवा. ऊन सळयांच्या आडवं, म्हणजे काटकोनात येत असेल तर तुम्ही त्या बाजूला कुठेही उभे राहा, प्रत्येक सळईच्या गोलाईवर कुठे ना कुठे चमकती रेघ दिसतेच. ऊन सळयांच्या लांबीच्या दिशेने येत असेल तर मात्र चमक ठरावीक कोनातच दिसते, एरवी मोळी मंद वाटते. रेशमाचंही तसंच आहे. तंतूच्या पृष्ठभागावरून काही प्रकाश पांढराच परततो, पण बराचसा आत शिरतो, रंगद्रव्यातून जाऊन रंगीत होतो आणि बाहेर पडतो. हा प्रकाशही धाग्याला काटकोनात असलेल्या दिशांनाच जास्त पसरतो.

आता साडी टेबलावर पसरली आणि कॅमेरा बरोबर वरून खाली बघतोय असं धरा. लाइट काठाच्या बाजूने आला तर तो ताण्याला काटकोनात येतो, त्यामुळे ताणा उजळतो आणि साडी राणी दिसते. लाइट पदराच्या टोकाकडून आला तर बाणा उजळतो आणि साडी राघू दिसते. कॅमेरा तोच, साडी तीच, दिवा फक्त नव्वद अंश फिरला.

इथे स्टुडिओची जुनी पद्धत आडवी येते. सपाट वस्तूचा फोटो काढायचा म्हटलं की फोटोग्राफर डावी-उजवीकडे 45 अंशांवर दोन सारखे लाइट लावतो. चित्रं, कागदपत्रं यांना ते उत्तम. पण आपल्या साडीवर ते दोन्ही लाइट एकाच प्रतलात येतात, दोघेही ताण्यालाच उजळतात आणि बाण्याचा रंग फोटोतून जवळपास गायब होतो. चारी बाजूंनी पांढरे पडदे लावून प्रकाश सगळीकडून टाकला तर दोन्ही रंग मिसळून एक मळकट तपकिरी छटा येते. ती साडी दुकानात कुणीच बघितलेली नसते. म्हणून पत्रातला पहिला मजकूर असा झाला:

"प्रत्येक धूपछाव साडीचे तीन फोटो हवेत. अ: एकच सॉफ्टबॉक्स, काठाच्या बाजूने, टेबलापासून 45 अंश वर. ब: तोच सॉफ्टबॉक्स, तेवढ्याच अंतरावर, पदराच्या टोकाकडून. साडी हलवू नका, कॅमेरा हलवू नका, एक्सपोजर मॅन्युअलवर ठेवून अ आणि ब दोन्हींना एकच ठेवा. खोलीतल्या ट्यूबलाइट बंद. क: साडी पाइपवरून सोडून."

पाइपचं प्रकरण फोटोग्राफरला चमत्कारिक वाटलं. चार इंची पीव्हीसी पाइप, त्यावर पांढरं कापड गुंडाळलेलं, दोन स्टँडवर आडवा ठेवायचा आणि साडी त्यावरून खाली सोडायची. गोल पृष्ठभागावर कापडाचा प्रत्येक भाग प्रकाशाकडे आणि कॅमेऱ्याकडे वेगळ्या कोनात वळलेला असतो. साडी हातात धरून फिरवल्यावर जे एकामागून एक दिसतं, ते एकाच फोटोत पट्ट्यापट्ट्याने समोर येतं. प्रयोगशाळेत एखाद्या पदार्थाची चमक मोजायची असते तेव्हाही नमुना वाकवून बसवायची युक्ती वापरतात, म्हणजे एकाच प्रतिमेत बरेच कोन मिळतात. गिऱ्हाइकाला हे काही सांगावं लागत नाही. क फोटो बघितला की "अच्छा, ही दोन रंगांत खेळते" हे त्याला कळतं.

विक्रेत्याला प्रॉप म्हणून नथ, समई आणि गजरा हवा होता. एका सजावटीच्या फोटोपुरतं मी ते मान्य केलं. बाकी प्रॉप्समध्ये ग्रे कार्ड, चोवीस चौकोनांचा कलर चार्ट आणि सहा इंची पट्टी, एवढंच. लाल सतरंजी किंवा रंगीत भिंत जवळ नको, कारण तिचा रंग सर्वात आधी जरीत उतरतो.

जरीचं वागणं रेशमापेक्षा वेगळं आहे. धातू प्रकाश आत घेत नाही, तो पृष्ठभागावरूनच परतवतो. त्यामुळे जरीचा फोटो हा खरं तर जरीच्या आजूबाजूला काय आहे त्याचा फोटो असतो. समोर मोठा पांढरा पडदा असेल तर जर सोनेरी भरून येते, काळी खोली असेल तर ती काळपट होते. इथे जाणकार फोटोग्राफरही फसतो तो पोलरायझर फिल्टरमुळे. लाइटवर एक आणि लेन्सवर काटकोनात दुसरा फिल्टर लावला की पृष्ठभागावरची पांढरी चमक कापली जाते आणि रेशमाचा आतला रंग गडद, स्वच्छ येतो. फोटोग्राफर खूश होतो. पण धातूवरून परतणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवीकरण बदलत नाही, म्हणून दुसरा फिल्टर तो सगळाच अडवतो आणि अख्खा पदर काळा पडतो. पत्रात यावर एकच ओळ आहे: "पोलरायझर लावायचा नाही. जरीला फक्त मोठा सॉफ्टबॉक्स, साडीच्या शक्य तितका जवळ."

पुढचा मुद्दा मागच्या बाजूचा. हातमागाच्या पैठणीत नक्षीचा प्रत्येक रंग वेगळ्या धाग्याने, त्या नक्षीपुरताच विणतात आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवतात. त्यामुळे मोराची मागची बाजू पुढच्यासारखीच नीट दिसते. यंत्रमागावर रंगीत धागे मागून लोंबते जातात किंवा कापलेले असतात. म्हणून एकाच मोराचे पुढून आणि मागून, एकाच अंतरावरून, पट्टी शेजारी ठेवून दोन क्लोज-अप मागवले. मागच्या फोटोसाठी लाइट टेबलाच्या जवळजवळ समांतर, 10 ते 15 अंशांवर. इतक्या तिरक्या प्रकाशात उचललेल्या प्रत्येक धाग्याची सावली पडते, काही लपत नाही. ज्याला लपवायचं असेल तो हा फोटो मागवणार नाही.

मग येतात लहरी. साडीत नसलेले रंगीत पट्टे फोटोत दिसतात, त्याला मोआरे म्हणतात. याचा हिशेब साधा आहे. साडीची रुंदी 45 इंच, म्हणजे साधारण 114 सेंटिमीटर. 24 मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या 6000 पिक्सेलांत ती बसवली तर एका मिलिमीटरला सुमारे 5 पिक्सेल आले. विणीत इंचाला 80 धागे धरले, तर मिलिमीटरला 3 धागे होतात. म्हणजे एका धाग्याच्या वाट्याला दोन पिक्सेलसुद्धा येत नाहीत, आणि धागे वेगळे ओळखायला किमान दोन लागतात. त्यात सेन्सरवर लाल आणि निळा रंग टिपणारे बिंदू एकाआड एक असतात, त्यामुळे रंगाची मोजणी आणखी विरळ. धाग्यांची जाळी आणि बिंदूंची जाळी यांच्यातल्या फरकातून दोनेक मिलिमीटर रुंदीचे हिरवे-जांभळे पट्टे उमटतात.

क्लोज-अपला हा त्रास नाही. 30 सेंटिमीटरचा भाग तेवढ्याच पिक्सेलांत घेतला की एका धाग्याला सहा पिक्सेल मिळतात. पूर्ण साडीच्या फोटोला मात्र कॅमेरा थोडा पुढे-मागे करून बघावं लागतं, किंवा अॅपर्चर एफ-16 च्या पुढे बारीक करावं लागतं. तेव्हा विवर्तनामुळे चित्र किंचित मऊ होतं आणि लहरी मरतात. पट्टे खरे की स्क्रीनचे, हे ओळखायला फोटो शंभर टक्के झूमवर उघडायचा. झूम बदलताना पट्टे बदलले आणि शंभरवर नाहीसे झाले तर दोष स्क्रीनचा. शंभरवरही राहिले तर ते फाइलमध्येच आहेत, फोटो पुन्हा काढा. पत्रात लिहिलं: "टेबल आवरण्याआधी प्रत्येक पूर्ण फोटो शंभर टक्क्यांवर तपासा."

फाइलींबद्दल माझा आग्रह जरा कडक होता. "रॉ जपून ठेवा. छपाईसाठी 16 बिट टिफ, ॲडोबी आरजीबीत. मोबाइल आणि स्क्रीनसाठी जेपेग, एसआरजीबीत, प्रोफाइल जोडलेलं, लांब बाजू 2000 पिक्सेल." सगळंच जेपेगमध्ये का नको, याचं उत्तर पुन्हा धूपछावीत आहे. जेपेग बनवताना बहुतेक वेळा उजळपणा पूर्ण बारकाईने ठेवतात, पण रंगाची माहिती दोन बाय दोन पिक्सेलांच्या गटाची सरासरी काढून ठेवतात. चेहऱ्याच्या फोटोत ते कुणाच्या लक्षात येत नाही. राणीच्या शेजारी राघू धागा असलेल्या क्लोज-अपमध्ये मात्र शेजारचे दोन रंग एकमेकांत कालवले जातात. म्हणून क्लोज-अपच्या जेपेगला "क्रोमा सबसॅम्पलिंग बंद" अशी स्वतंत्र सूचना दिली. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे नाहीत, कारण तिथे ते पुन्हा दाबले जातात. नावं साडीच्या नंबरावरून: `PT014_A.tif`, `PT014_B.tif`, `PT014_C.tif`. "फायनल", "फायनल-2" असली नावं परत आली तर बिल अडवेन, असंही गमतीने लिहून टाकलं.

राहिला छापखाना. चार शाईंच्या छपाईत भडक राणी रंग बसत नाही. किरमिजी शाईने तो कितीही दाबून छापला तरी रेशमाची झळाळी येत नाही, आणि फोटोग्राफरने स्क्रीनवर रंग वाढवून दिला तर त्या भागातली वीण सपाट होऊन एकच डाग छापला जातो. म्हणून शेवटची सूचना अशी: "रंग वाढवू नका, सीएमवायके करू नका. ते काम छापखान्याच्या प्रोफाइलवर होईल. प्रूफ आलं की साडी नंबर 14 शेजारी ठेवून, दिवसाच्या उजेडात, खिडकी काठाच्या बाजूला ठेवून अ फोटो तपासू आणि साडी फिरवून ब."