स्कॅनर म्हणजे दुसरा कीबोर्डच

शाळा सुरू होण्याआधी स्टेशनरीच्या दुकानात वह्यांचे गठ्ठे उतरतात आणि मालाची नोंद मागे पडते. हे काम झटपट उरकायला महागडं सॉफ्टवेअर लागतंच असं नाही. यूएसबीचा साधा बारकोड स्कॅनर कॉम्प्युटरच्या लेखी एक कीबोर्डच असतो. रेषा वाचून तो आकडे टाइप करतो आणि बहुधा शेवटी एंटरही दाबतो. कर्सर एक्सेलच्या ज्या चौकटीत असेल, तिथे कोड उमटतो.

फाइलमध्ये दोन शीट करा. Master मध्ये प्रत्येक वस्तूचा कोड आणि नाव एकदाच भरा. Entry मध्ये A रकान्यात कोड, B मध्ये नग आणि C मध्ये हे सूत्र ठेवा:

```
=IFERROR(VLOOKUP(A2,Master!A:B,2,FALSE),"नवीन माल")
```

कोड ओळखीचा असला तर नाव आपोआप येतं. नसला तर ‘नवीन माल’ दिसतं. तेव्हा ती वस्तू आधी Master मध्ये चढवायची.

खरा वेळ वाचतो तो पुढच्या युक्तीने. ४८ वह्यांचा गठ्ठा आला तर ४८ वेळा स्कॅन कशाला करायचं? स्कॅनरच्या माहितीपुस्तिकेत सेटिंगचे बारकोड छापलेले असतात. त्यांतला ‘टॅब’चा कोड स्कॅन केला की स्कॅनर एंटरऐवजी टॅब दाबू लागतो. मग एक वही स्कॅन करा, कर्सर B मध्ये जाईल. ४८ लिहून एंटर दाबा, तो पुढच्या ओळीत पुन्हा A मध्ये येईल. माउसला हात लावावा लागत नाही. आवक झालेल्या नगांची बेरीज Master च्या C रकान्यात मिळते:

```
=SUMIF(Entry!A:A,A2,Entry!B:B)
```

घोटाळा बहुतेक वेळा A रकान्यात होतो. 8901234567890 ऐवजी 8.90123E+12 दिसलं, तर एक्सेलने कोडला संख्या मानलं आहे, असं समजा. शून्याने सुरू होणाऱ्या कोडचं पहिलं शून्यही असंच गळतं. म्हणून स्कॅन करण्याआधीच दोन्ही शीटचा A रकाना Text करा. एकीकडे Text आणि दुसरीकडे संख्या असेल, तर कोड डोळ्यांना सारखा दिसूनही ‘नवीन माल’ येत राहतं.

खोक्यावरचा कोड आतल्या वस्तूच्या कोडपेक्षा वेगळा असू शकतो, म्हणून स्कॅन वस्तूच करा. वहीवरच्या या तेरा अंकी कोडमध्ये किंमत नसते. एमआरपी बदलली तरी कोड तोच राहू शकतो, तेव्हा जुना-नवा माल वेगळा ठेवायचा असेल तर किमतीसाठी आणखी एक रकाना घ्या.

आणि एक ध्यानात ठेवा: स्कॅनर कोड अचूक वाचतो, पण नग तुम्हीच लिहिता. ४८ च्या जागी ८४ पडले, तर शीट ते निमूटपणे मान्य करते. म्हणून पुरवठादाराच्या बिलाशी B रकान्याची बेरीज ताडून पाहिल्याशिवाय माल फळीवर लावू नका.