कार्ड दणकट, तरी गेम उघडेना

मार्च २०१७ मध्ये एनव्हिडियाने जीटीएक्स १०८० टीआय हे ग्राफिक्स कार्ड ६९९ डॉलरला बाजारात आणलं. त्यावर ११ जीबी मेमरी होती आणि गेम खेळणाऱ्यांच्या दृष्टीने ते त्या काळी चैनीची वस्तू होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये फिनलंडच्या रेमेडी कंपनीचा ‘ॲलन वेक २’ हा गेम आला. त्याच्या किमान गरजांच्या यादीत आरटीएक्स २०६० होतं, म्हणजे २०१९ मध्ये ३४९ डॉलरला आलेलं, ६ जीबी मेमरीचं मधल्या फळीतलं कार्ड. जुन्या गेममध्ये १०८० टीआय त्याला सहज मागे टाकतं, पण या यादीत त्याला जागा नव्हती.

अडचण ताकदीची नव्हती. मीटरगेजचं इंजिन कितीही जोरकस असलं तरी ब्रॉडगेजच्या रुळांवर चालत नाही, तसाच हा मामला होता.

पडद्यावर दिसणारी प्रत्येक वस्तू लाखो चिमुकल्या त्रिकोणांची बनलेली असते. हे त्रिकोण कुठे बसवायचे आणि त्यांवर उजेड, रंग, सावली कशी टाकायची, हे ठरवणारे छोटे प्रोग्राम ग्राफिक्स कार्डवर चालतात. त्यांना शेडर म्हणतात. जुन्या पद्धतीत त्रिकोणांचे कोपरे ठरावीक टप्प्यांतून एका साच्यात पुढे सरकतात आणि त्या साच्यात गेमच्या प्रोग्रामरला फारशी ढवळाढवळ करता येत नाही. ‘मेश शेडर’ने तो साचा मोडला. आता वस्तूचे लहान लहान तुकडे पाडले जातात. जो तुकडा भिंतीआड आहे किंवा कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर आहे, तो अख्खाच्या अख्खा आधीच बाद करता येतो. घनदाट जंगलाचं दृश्य असेल तर यात प्रचंड काम वाचतं आणि ‘ॲलन वेक २’मध्ये जंगल भरपूर आहे.

ही सोय चिपच्या रचनेतच असावी लागते. एनव्हिडियाने ती २०१८ च्या ट्युरिंग पिढीत दिली, एएमडीने २०२०च्या आरएक्स ६००० मालिकेत. १०८० टीआय त्याआधीच्या पास्कल पिढीतलं आहे. जुलै २०१९ मध्ये ३९९ डॉलरला आलेलं एएमडीचं आरएक्स ५७०० एक्सटी तर आरटीएक्स २०६० पेक्षा नवं आणि महाग, तरीही त्यात मेश शेडर नाही. कार्डाचं वय किंवा किंमत पाहून अंदाज बांधणारे इथेच फसतात.

मग असं कार्ड असलेल्या कॉम्प्युटरवर गेम सुरू केला की नेमकं काय होतं? सुरुवातीलाच गेम ड्रायव्हरला विचारतो की अमुक पातळीची सोय या कार्डात आहे का. उत्तर ‘नाही’ आलं की पुढचं सगळं गेम बनवणाऱ्यांवर अवलंबून असतं. त्यांनी जुन्या कार्डांसाठी पर्यायी वाट ठेवली असेल तर गेम त्या वाटेने जातो. ठेवली नसेल तर एक संदेश दाखवून बंद होतो. तपासणीच नीट लिहिलेली नसेल, तर काहीही न सांगता खिडकी क्षणभर उघडून मिटते. हा शेवटचा प्रकार सर्वांत त्रासदायक असतो, कारण माणूस ड्रायव्हर आणि विंडोज पुन्हा पुन्हा टाकत बसतो.

‘ॲलन वेक २’ पहिल्या प्रकारातला निघाला. मेश शेडर नसलेल्या कार्डांवर तो सुरू होत होता, पण वेग इतका पडायचा की खेळणं नकोसं व्हावं. मार्च २०२४ मध्ये रेमेडीने एक अपडेट देऊन ही जुनी वाट सुधारली आणि पास्कल कार्डांवर गेम बऱ्यापैकी चालू लागला. कार्ड तेच होतं. कंपनीने वेळ खर्च केला, एवढाच फरक.

डिसेंबर २०२४ मध्ये आलेला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ मात्र दुसऱ्या प्रकारातला. त्यातली प्रकाशयोजना रे ट्रेसिंगवर, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढण्याच्या पद्धतीवर उभी आहे आणि ती बंद करण्याची सोयच नाही. त्यामुळे विंडोजवर रे ट्रेसिंग नसलेली कार्डं दारातूनच परत जातात. इथे गेममधली सेटिंग कमी करण्याचा सल्ला निरुपयोगी आहे, कारण सेटिंगच्या पडद्यापर्यंत पोहोचताच येत नाही.

यालाही एक पळवाट निघाली. लिनक्सवर एएमडी कार्डांसाठी असलेल्या खुल्या ड्रायव्हरमध्ये रे ट्रेसिंगचं काम सॉफ्टवेअरने करून घेण्याची सोय आहे. तिच्या जोरावर काही हौशी लोकांनी २०१७ च्या व्हेगा ६४ कार्डावर हाच गेम चालवून दाखवला. म्हणजे नसलेली सोय ड्रायव्हर काही वेळा भरून काढू शकतो, पण त्याची किंमत वेगात मोजावी लागते. एनव्हिडियाने एप्रिल २०१९ मध्ये काही जीटीएक्स कार्डांना ड्रायव्हरमधून अशीच रे ट्रेसिंगची सोय दिली, तेव्हाही वेग कोसळण्याचाच अनुभव आला.

हा प्रश्न नवाही नाही. २००७ मध्ये ‘बायोशॉक’ने शेडर मॉडेल ३.० सक्तीचं केलं, तेव्हा एटीआयचं रेडिऑन एक्स८५० हे उंची कार्ड बाहेर राहिलं आणि एनव्हिडियाचं साधं जीफोर्स ६६०० आत आलं.

आपल्या कार्डाची पातळी पाहायला बहुतेक जण विंडोजच्या शोधपेटीत `dxdiag` टाइप करतात आणि पहिल्याच पानावर ‘DirectX 12’ वाचून निर्धास्त होतात. ती नोंद विंडोजची आहे, कार्डाची नव्हे. कार्डाची माहिती ‘Display’ या टॅबवर ‘Feature Levels’ पुढे असते. तिथे `12_2` दिसलं तर मेश शेडर आणि रे ट्रेसिंग दोन्ही आहेत, असं समजावं. १०८० टीआयवर तिथे `12_1` पर्यंतच आकडे दिसतात. मात्र जीटीएक्स १६५० आणि १६६० या कार्डांवरही `12_1`च दिसतं, कारण त्यांत रे ट्रेसिंगचं हार्डवेअर नाही. मेश शेडर मात्र आहे. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील तर गेम चुकून कमजोर चिप निवडत नाही ना, हेही बघावं. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये प्रत्येक गेमसाठी चिप ठरवून देता येते.

पास्कल कार्डांची वाट आता आणखी अरुंद झाली आहे. नव्या गेमसाठी वेळोवेळी येणारे ड्रायव्हर त्यांना ऑक्टोबर २०२५ पर्यंतच मिळतील, त्यानंतर फक्त सुरक्षेचे अपडेट, असं एनव्हिडियाने जाहीर केलं. जुन्या गेमसाठी १०८० टीआय आजही उत्तम कार्ड आहे. पण नवे गेम खेळण्यासाठी कुणी सेकंडहँड कार्ड शोधत असेल, तर मेमरीचा मोठा आकडा पाहून ते घेऊ नये. समोर आरएक्स ५७०० एक्सटी आणि आरटीएक्स २०६० असतील तर दुसरं घ्यावं. हवा असलेला गेम उघडण्याची शक्यता त्याच्यावर जास्त आहे.