वारा पाहून उडवा ड्रोन

किनाऱ्यावरच्या किल्ल्याचं ड्रोन चित्रीकरण घरीच सुरू होतं. डिजिटल स्कायच्या नकाशावर जागा हिरव्या क्षेत्रात आहे का, ते आधी पाहा. तिथे 400 फुटांपर्यंत उडवता येतं. लाल क्षेत्रात केंद्र सरकारची परवानगी लागते. किल्ला संरक्षित स्मारक असेल, तर पुरातत्त्व खात्याचीही परवानगी घ्या.

समुद्रावरचा वारा बॅटरी भराभर खातो. म्हणून जाताना वाऱ्याविरुद्ध जा, म्हणजे बॅटरी उतरलेली असताना परतीला वारा पाठीशी राहील. 30 टक्के उरताच ड्रोन माघारी वळवा.

तटबंदीवरून जाताना एकच हालचाल ठेवा: सरळ पुढे, सावकाश. रिमोटची दांडी अचानक सोडली, तर चित्राला हिसका बसतो. वेग हळूहळू कमी करा आणि शेवटी पाच सेकंद स्थिर राहा.