सूचना वाचून कुणाची मान खाली जाते?

आपल्याकडची कार्यालयीन सूचना साधारण एकाच साच्यातून निघते. ‘असे निदर्शनास आले आहे की’ इथे ती सुरू होते आणि ‘अन्यथा शिस्तभंगाची कारवाई करण्यात येईल’ इथे संपते. मध्ये पोशाखाबद्दल काहीही लिहिलेलं असो, वाचणारा पहिल्या चार शब्दांतच ठरवतो की कुणीतरी काहीतरी केलंय आणि आता सगळ्यांना ऐकून घ्यायचंय. मग सूचनेतला मजकूर बाजूला राहतो. चर्चा एवढीच होते, की हे कुणाबद्दल आहे?

महाराष्ट्र शासनाने ८ डिसेंबर २०२०ला मंत्रालयातल्या आणि इतर शासकीय कार्यालयांतल्या कर्मचाऱ्यांच्या पेहरावाबद्दल परिपत्रक काढलं. जीन्स आणि टी-शर्ट नको, गडद रंगांचे, चित्रविचित्र नक्षीचे कपडे नकोत, स्लिपर नको, शुक्रवारी खादी वापरावी, अशा त्यातल्या गोष्टी अनेकांना आठवत असतील. त्यातलं कारण फारसं कुणाला आठवत नाही. अनेक अधिकारी-कर्मचारी, त्यातही कंत्राटी कर्मचारी आणि सल्लागार, अनुरूप पोशाख करत नाहीत आणि त्यामुळे जनमानसात शासकीय कर्मचाऱ्यांची प्रतिमा मलिन होते, असं त्यात म्हटलं होतं. सूचना सगळ्यांना, पण बोट एका गटाकडे. तोही असा गट, ज्याची नोकरी मुळात पक्की नाही. काही महिन्यांनी, २०२१मध्ये, जीन्सवरची बंदी उठली. टी-शर्टवरची राहिली. जीन्सने कामात नेमकं काय अडतं हे पहिल्या परिपत्रकात सांगितलेलंच नव्हतं, त्यामुळे ती का चालणार नाही हेही कळलं नव्हतं आणि आता का चालेल हेही कळलं नाही.

याच्या शेजारी ब्रिटनच्या आरोग्य विभागाने २००७मध्ये रुग्णालयांतल्या गणवेशाबद्दल काढलेली मार्गदर्शिका ठेवून पाहावी. ‘कोपराखाली हात मोकळे’ हा नियम तिथूनच गाजला. तिची मांडणी शिकण्यासारखी आहे. प्रत्येक सवयीसमोर ‘का’ असं सदर आहे. गणवेशामुळे संसर्ग पसरतो याचा निर्णायक पुरावा नाही, हेही त्या कामात मोकळेपणाने मान्य केलेलं आहे. काही गोष्टी हात नीट धुता यावेत म्हणून, तर काही केवळ रुग्णाला विश्वास वाटावा म्हणून. दोन्ही कारणं योग्य आहेत, पण वेगवेगळी आहेत, आणि कर्मचाऱ्याला ती वेगवेगळी सांगितली तर तो ऐकतो. दिसण्याच्या कारणाला आरोग्याचा मुलामा दिला की हुशार माणूस लगेच ओळखतो आणि पुढच्या खऱ्या कारणावरही विश्वास ठेवत नाही.

हाच नियम आपल्याकडे आणून पाहू. समजा, तालुक्याच्या गावातलं साठेक कर्मचाऱ्यांचं खासगी रुग्णालय आहे. एका सिस्टरच्या हातात चुडा आहे, ड्रेसिंग करताना काचेची बांगडी फुटली आणि रुग्णाच्या मुलाने तक्रार केली. दुसऱ्या दिवशी फलकावर हे लागतं:

‘काही महिला कर्मचारी कर्तव्यावर असताना दागिने परिधान करीत असल्याचे वारंवार निदर्शनास आले आहे. ही बाब गंभीर आहे. यापुढे असे आढळल्यास कोणतीही पूर्वसूचना न देता कारवाई करण्यात येईल.’

यातला प्रत्येक शब्द त्या सिस्टरच्या अंगावर जातो. शिवाय नियमही चुकलाय. ‘दागिने’ म्हटल्यावर मंगळसूत्र, कानातलं, नाकातलं सगळंच आलं, आणि ब्रदरच्या मनगटावरचा लाल गंडा, डॉक्टरांचं पट्ट्याचं घड्याळ मात्र सुटलं. साबणाच्या दृष्टीने बांगडी आणि गंडा यांत फरक नसतो. गंडा तर ओला राहतो.

म्हणून नियम वस्तूचा किंवा बाईमाणसाचा करू नये, कामाचा करावा. तसा केला की तो आपोआप सगळ्यांना सारखा लागू होतो. असं लिहिता येईल:

‘रुग्णाला हात लावून काम करणाऱ्या आपण सगळ्यांनी, म्हणजे डॉक्टर, सिस्टर, ब्रदर, मावशी, वॉर्डबॉय आणि तंत्रज्ञ यांनी, ड्युटीवर कोपराखाली हात मोकळे ठेवू या. घड्याळ, बांगड्या, गंडा, राखी, खड्याची अंगठी यांच्याखाली साबण पोहोचत नाही आणि मनगट धुतलं जात नाही. बिनखड्याची एक साधी अंगठी चालेल. मंगळसूत्र किंवा साखळी गणवेशाच्या आत ठेवावी, म्हणजे रुग्णावर वाकताना ती लोंबणार नाही. दागिने ठेवायला कपडे बदलण्याच्या खोलीत कुलपाचे कप्पे केले आहेत, किल्ली मेट्रनकडे मिळेल. धर्माच्या किंवा इतर कारणाने एखादी वस्तू काढता येत नसेल, तर मेट्रनशी बोलावं, मार्ग काढू. येत्या एक तारखेपासून असं करू या.’

यात घडलेल्या प्रसंगाचा उल्लेख नाही, ‘काही कर्मचारी’ नाहीत, कारवाईही नाही. तरी हा मजकूर मवाळ नाही. काय करायचं, कुठे आणि कधीपासून हे पहिल्या सूचनेपेक्षा यात जास्त स्पष्ट आहे. शेवटून दुसऱ्या वाक्यामागे अनुभव आहे. ब्रिटनमध्ये शीख कर्मचाऱ्यांच्या कड्याचा प्रश्न आला तेव्हा रुग्णाला हात लावताना ते कोपराकडे वर सरकवून पक्कं बसवण्याची सोय मान्य झाली. कारण माहीत असलं की असा मार्ग सापडतो. ‘दागिने नकोत’ एवढंच माहीत असलं तर सापडत नाही.

कप्प्यांचं वाक्य मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. सोन्याच्या पाटल्या काढून ठेव म्हणायचं आणि ठेवायला जागा द्यायची नाही, तर भाषा कितीही गोड केली तरी ती शिक्षाच होते. कप्पे तयार होईपर्यंत सूचना थांबवावी.

वेळही पाहावी. तक्रार शनिवारी आणि सूचना सोमवारी, म्हणजे नाव न लिहिताही नाव लिहिल्यासारखंच. त्या सिस्टरशी मेट्रनने आधी एकटीने, दार लावून बोलावं. फुटलेल्या काचेचा विषय तिथेच संपवावा. सूचना आठ-दहा दिवसांनी, पुढच्या महिन्याचं ड्युटीचं वेळापत्रक लागतं तेव्हा त्याच्याबरोबर जावी. लावण्याआधी एखाद्या मावशींना वाचायला द्यावी आणि इतकंच विचारावं, ‘हे कुणासाठी लिहिलंय असं वाटतं?’ त्यांनी एखाद्या व्यक्तीचं नाव घेतलं, तर मजकूर पुन्हा लिहावा.

याची मर्यादाही आहे. सांगून, समजावूनही एखादा मुद्दाम ऐकत नसेल, तर त्याच्यासाठी तोंडी समज, मग ज्ञापन, मग कारणे दाखवा नोटीस ही वाट आहेच. ती त्याच्या एकट्याच्या नावाने चालावी. एकाला बोलायचं टाळण्यासाठी साठ जणांना पत्र पाठवणं, ही आपल्या कार्यालयांतली जुनी पळवाट आहे. तिच्यामुळे ज्याने ऐकायला हवं त्याला काही लागत नाही आणि ज्यांचा संबंध नाही ते मात्र दुखावतात.

सूचना कशी वाचली गेली हे पहिल्या दोन दिवसांत येणाऱ्या प्रश्नांवरून कळतं. ‘कुणी तक्रार केली?’ असं कुजबुजत विचारलं जात असेल, तर ती शिक्षा म्हणून पोहोचली. ‘स्मार्टवॉच चालेल का?’, ‘रात्रपाळीला थंडी असते, स्वेटरच्या बाह्यांचं काय?’ असे प्रश्न मेट्रनकडे येत असतील, तर लोक ती वापरायला लागले आहेत. स्वेटरचं उत्तर सोपं आहे: रुग्णाला हात लावण्याआधी काढावा किंवा बाह्या कोपरापर्यंत सरकवाव्यात. ते त्याच कागदाच्या खाली, तारीख घालून, पेनाने लिहून टाकावं.