डोंगरावरचा पांढरा दगड: फोटोत काय दिसतं, काय दिसत नाही

आजच्या गप्पा एका दगडाच्या. आपल्याच कार्यक्रमाची एक श्रोती, दौंड तालुक्यातली ताई, यवतजवळच्या भुलेश्वरच्या डोंगरावर देवदर्शनाला गेली होती. डोंगर उतरून आल्यावर पायथ्याशी विहिरीच्या खोदकामातल्या दगडांचा ढीग होता. त्यात तिला मुठीएवढा एक काळा दगड सापडला. एका बाजूने फुटलेला, आत पोकळी, आणि पोकळीत पांढरेशुभ्र चमकते खडे. तिने फोटो काढून नातेवाइकांच्या गटात टाकला. सासूबाई म्हणाल्या स्फटिक आहे, देवघरात ठेवू. भाचा म्हणाला गारगोटी. फोटो फिरत फिरत एका अनोळखी माणसापर्यंत गेला आणि त्याचा निरोप आला, "हा कच्चा हिरा आहे. प्रमाणपत्र काढून देतो, आधी दोन हजार रुपये पाठवा."

ताईने पैसे पाठवायच्या आधी आम्हाला विचारलं, हे बरं झालं. आम्ही फोटो पाहिला. फ्लॅश मारून काढलेला, मधे नुसता पांढरा झगझगाट. खरं सांगायचं तर त्या फोटोवरून आम्हालाही काहीच सांगता आलं नाही. पण एक गोष्ट पहिल्या क्षणीच सांगता आली, की हा हिरा नाही. ते कशावरून, तिथूनच सुरुवात करू.

दगड ओळखताना चमकत्या खड्याकडे आधी बघायचं नाही. तो ज्याच्यात बसलाय त्या दगडाकडे बघायचं. ताईचा दगड मागून काळपट करडा, बारीक कणांचा, जड. आपला पाटा-वरवंटा ज्याचा असतो तोच. याला बेसाल्ट म्हणतात, जुनी माणसं काळवत्री म्हणतात. शिरूर असो की दौंड, माती उकरली की खाली हाच लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, थरावर थर पसरले आणि थंड झाले. भाकरी फुगताना वाफ अडकते तसे लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले. तिथे पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांतून गरम पाणी झिरपत राहिलं आणि पाण्यात विरघळलेले पदार्थ आतल्या भिंतींवर हळूहळू जमून त्यांचे खडे झाले. हिरा असा तयार होत नाही. तो जमिनीच्या फार खोलातून वेगळ्याच जातीच्या दगडासोबत वर येतो, जसा मध्य प्रदेशात पन्ना इथे सापडतो. आपल्या काळ्या दगडाच्या पोकळीत हिरा नसतो.

मग पांढरं काय असतं? आपल्याकडे बहुतेक वेळा तीनपैकी एक. पहिलं क्वार्ट्झ, म्हणजे ज्याच्या माळेला आपण स्फटिकाची माळ म्हणतो ते. गारगोटी याच घरातली. दुसरं कॅल्साइट, हे चुन्याच्या जातीचं. तिसरा झिओलाइट नावाचा मोठा परिवार, ज्याचे सुंदर नमुने आपल्या महाराष्ट्रातून जगभरच्या संग्रहालयांत गेले आहेत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते बघायला मिळतात.

फोटोत हे तिघे एकसारखे पांढरे दिसतात. रंगावर जाऊन उपयोग नाही. त्यांच्यातला फरक आहे तो कठीणपणात, फुटण्यात आणि आंबट पदार्थ लागल्यावर काय होतं त्यात. हे फोटोत आपोआप येत नाही. म्हणून आम्ही ताईला सांगितलं, दगडाचा फोटो एकदाच काढू नको. दगडाची परीक्षा कर आणि त्या परीक्षेचा फोटो काढ.

परीक्षेला घरातल्याच तीन वस्तू लागतात. लोखंडी खिळा, काचेची रिकामी बाटली आणि एक लिंबू.

आधी खिळा. चांगला खडा खराब करायचा नाही, कोपऱ्यातला एखादा तुटका बघायचा आणि त्यावर खिळ्याचं टोक दाबून ओढायचं. रेघ उठली तर खडा मऊ, म्हणजे कॅल्साइट किंवा झिओलाइट. नाही उठली तर क्वार्ट्झ असू शकतं. इथे एक फसगत होते. खडा कठीण असला की उलट खिळाच झिजतो आणि खड्यावर करडी रेघ सोडतो. ती चर वाटते. म्हणून ओल्या बोटाने पुसायचं. पुसली गेली तर ती लोखंडाची रेघ. नखाला खाच लागली तर खरी चर.

मग काच. खड्याचं टोक बाटलीवर ओढायचं. क्वार्ट्झ काचेवर सहज चर पाडतं. कॅल्साइटला ते जमत नाही, ते काचेवर नुसती पांढरी भुकटी सोडतं. इथेही पुसून बघायचं. बाटली जमिनीवर ठेवून, हाताला फडकं गुंडाळून करा, बाटली हातात धरून नको.

शेवटी लिंबू. खिळ्याने थोडी भुकटी पाडायची आणि त्या भुकटीवरच लिंबाचा थेंब टाकायचा. कॅल्साइट असेल तर बारीक बुडबुडे येतात. ते फार जोरात येत नाहीत, म्हणून डोळा जवळ नेऊन बघावं लागतं. भुकटी न करता नुसत्या खड्यावर थेंब टाकला तर कधी काहीच दिसत नाही आणि माणूस फसतो. काही जण संडास साफ करायचं ॲसिड वापरतात. ते आम्ही कुणालाच सांगत नाही. त्याची वाफ छातीला लागते, हात भाजतात. लिंबाने काम होतं.

ताईने सगळं केलं आणि दुसऱ्या दिवशी कळवलं. खिळ्याची रेघ उठली, पुसली तरी राहिली. काचेवर चर पडली नाही. म्हणजे क्वार्ट्झ बाद, सासूबाईंचा स्फटिक गेला आणि भाच्याची गारगोटीही गेली. लिंबाला मात्र बुडबुडे आले. झालं, आम्ही म्हटलं कॅल्साइट.

आणि तिथे आम्हीच चुकलो.

तिने पाठवलेला लिंबाच्या थेंबाचा व्हिडिओ पुन्हा पाहिला तेव्हा लक्षात आलं. थेंब खड्यावर नव्हता, पोकळीच्या कडेला होता. तिथे एक पांढरट पापुद्रा होता. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी असते, शेतात खडे खडे सापडतात ते तुम्ही पाहिले असतील. तीच चुनखडी मातीत पडलेल्या दगडावरही चढते. बुडबुडे तिचे होते. आम्ही ताईला सांगितलं, दगड पाण्यात भिजव, जुन्या ब्रशने घास, वाळव, आणि पोकळीच्या आतला एक तुटका खडा कागदावर घेऊन त्याचीच भुकटी कर. या वेळी थेंब शांत राहिला. एक बुडबुडा नाही.

कॅल्साइट बाद झालं की झिओलाइटचा परिवार उरतो. आता कुठे फोटो कामाला आला, कारण या परिवारातले सदस्य आकारावरून ओळखू येतात. स्कोलेसाइट सुयांच्या झुपक्यासारखं वाढतं. स्टिल्बाइटचे चपटे खडे एकत्र येतात, मधे आवळलेले आणि दोन्ही टोकांना पसरलेले, अगदी गव्हाची पेंढी बांधावी तसे. आणि त्यांच्या सपाट बाजूवर काचेची नव्हे, मोत्याची चमक असते. ताईच्या सावलीतल्या फोटोत पेंढ्या स्पष्ट दिसत होत्या. आम्ही तिला कळवलं, झिओलाइट, बहुतेक स्टिल्बाइट.

बहुतेक का म्हटलं? कारण याच परिवारात ह्यूलँडाइट नावाचा एक भाऊ आहे. त्याचीही चमक मोत्याची आणि कठीणपणाही जवळपास तेवढाच. पेंढी नीट दिसली नाही तर दोघांत घोळ होतो, आणि तो फोटोने किंवा खिळ्याने सुटत नाही, प्रयोगशाळेतल्या क्ष-किरण तपासणीने सुटतो. कुणी नुसत्या एका फोटोवरून खात्रीने नाव सांगत असेल, आणि वर पैसे मागत असेल, तर तिथेच थांबायचं.

रंग कधीच कामाचा नाही असंही नाही. पुणे-नगर रस्त्याने शिरूरला येताना वाघोली लागतं. तिथल्या खाणींत कॅव्हन्साइट नावाचं गडद निळं खनिज मिळालं. ते पहिल्यांदा सापडलं अमेरिकेत, ओरेगॉनला, पण त्याचे उत्तम नमुने वाघोलीचे मानले जातात. निळे गोलसर झुबके पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले असतात. पण नुसता निळा तुकडा रस्त्यावर सापडला तर आधी काच समजा. आत गोल बुडबुडे आणि शिंपल्यासारखी वळणदार फूट दिसली तर ती काचच, किंवा भट्टीतली मळी.

आता तुम्हाला दगड सापडला तर फोटो कसे पाठवायचे ते सांगतो. फ्लॅश बंद ठेवा, दिवसा सावलीत काढा. पहिला फोटो अख्ख्या दगडाचा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो. दुसरा मागच्या बाजूचा, जिथे मूळ दगड दिसेल. तिसरा खड्यांचा जवळून. चौथा खिळ्याच्या आणि काचेवरच्या रेघेचा, पुसल्यानंतरचा. पाचवा लिंबाच्या थेंबाचा व्हिडिओ. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर मोबाइल तो दाबून लहान करतो आणि बारीकसारीक खुणा जातात. कुठे सापडला ते लिहा, आणि जागेवरचा की ढिगातला तेही लिहा. ढिगातला दगड ट्रॅक्टरमधून दुसऱ्या गावाहूनही आलेला असतो.

आणि दोन गोष्टी सांभाळा. सुयांसारखे बारीक तंतू असलेला दगड फुंकू नका, घासू नका, ते तंतू श्वासात जाणं चांगलं नाही. आणि देवळाच्या दगडाला, जुन्या भिंतीला हात लावायचा नाही. पडलेला उचला, फोडून काढू नका.

ताईचे दोन हजार वाचले. दगड सासूबाईंनी देवघरातच ठेवलाय. स्फटिक नाही हे त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "नसू दे. आपल्याच मातीतला आहे ना?"