पॉवर बटण रुसलं, तर फोन बंद करू नका

फोनच्या कडेला असलेलं पॉवर बटण दाबलं तरी स्क्रीन उजळत नाही, असं झालं की बहुतेकांना एकच उपाय सुचतो: फोन बंद करून पुन्हा चालू करायचा. तो इथे महागात पडतो. बंद झालेला अँड्रॉइड फोन चालू करायला तेच बटण लागतं. चार्जर लावला तर अनेक फोनवर नुसतं बॅटरीचं चित्र दिसतं आणि फोन तिथेच थांबतो. आयफोन मात्र चार्जर लावल्यावर आपला आपण सुरू होतो. त्यामुळे बटणाची शंका आली की बॅटरी संपू द्यायची नाही आणि फोन चालू असतानाच पुढची सोय करायची.

स्क्रीन काळी असेल तर आधी चार्जर लावून पाहा. वायर जोडताच बहुतेक फोनची स्क्रीन उजळते. काही फोनमध्ये काचेवर दोनदा टिचकी मारली किंवा फोन हातात उचलला तरी ती जागी होते. ही सोय बंद असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन लगेच चालू करून ठेवा.

मग बटणाचं काम स्क्रीनवर आणायचं. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज उघडून वरच्या शोधपट्टीत `Accessibility Menu` टाइप करा आणि त्याचा शॉर्टकट चालू करा. पडद्याच्या कडेला एक छोटं तरंगतं बटण येतं. त्यावर बोट टेकवलं की मोठ्या चौकटी उघडतात. आवाज वाढवणं, कमी करणं, स्क्रीन लॉक करणं, स्क्रीनशॉट घेणं आणि पॉवरचा पर्याय, सगळं तिथे मिळतं. सॅमसंगच्या फोनमध्ये याच कामासाठी `Assistant menu` आहे. आयफोनमध्ये `Settings > Accessibility > Touch > AssistiveTouch` या वाटेनं गेलात की तसंच गोल बटण मिळतं.

आता बिघाड नेमका कुठे आहे ते पाहू. बाहेरून दिसणारं बटण ही नुसती कळ असते. तिच्या मागे पातळ लवचीक पट्टीवर एक बारीक स्विच बसवलेला असतो. कळ दाबली की त्यातली घुमटीसारखी पत्री दबते आणि ‘टक्’ असं बोटाला जाणवतं. दुकानात या पट्टीला फ्लेक्स म्हणतात.

समजा, आईच्या फोनचं बटण चालत नाही. पहिल्यांदा कव्हर काढा, कारण घट्ट किंवा वाकडं कव्हर कळ अडवून धरतं. मग कोरड्या मऊ ब्रशनं कडेची धूळ काढा. तेलाचा किंवा स्प्रेचा फवारा मारू नका, तो आत स्क्रीनपर्यंत झिरपतो. आता कळ दाबा. ‘टक्’ जाणवतच नसेल, कळ आत रुतली असेल किंवा एका बाजूनेच चालत असेल, तर बिघाड यांत्रिक आहे. ‘टक्’ नीट होतं, पण काहीच घडत नसेल, तर पट्टी तुटलेली किंवा ओल शिरलेली असू शकते, किंवा दोष सॉफ्टवेअरचा असतो. तो तपासायला स्क्रीनवरच्या पॉवर मेनूतून फोन रीस्टार्ट करा. रीस्टार्टला बटण लागत नाही. तरीही फरक पडला नाही, तर दोष बहुधा हार्डवेअरचाच.

दुरुस्ती कधी करायची? बटण नुसतं मेलेलं असेल आणि फोन जुना असेल, तर स्क्रीनवरच्या मेनूवर निभावून नेता येतं. त्याची मर्यादा एवढीच, की फोन पूर्ण हँग झाला तर स्क्रीनवरचं बटणही गोठतं आणि जबरदस्तीनं रीस्टार्ट करायला खरी कळच लागते.

पॉवरचं किंवा आवाजाचं बटण दाबलेल्या अवस्थेत अडकलं असेल तर मात्र थांबू नका. आवाजाची पट्टी स्क्रीनवर आपोआप वरखाली होते, फोन सारखा रीस्टार्ट होतो किंवा सुरू होताना `FASTBOOT` अथवा `Recovery` असं लिहून येतं, ही त्याची लक्षणं. इथे स्क्रीनवरचा मेनू कामाचा नाही, कारण फोनला कळ सतत दाबलेलीच वाटत असते. फोन पाण्यात पडल्यानंतर बटण बिघडलं असेल तरीही लवकर दाखवा. आतली गंज पट्टीपुरती थांबत नाही.

दुकानात देण्याआधी फोटो आणि कॉन्टॅक्ट यांचा बॅकअप घ्या. वॉरंटी शिल्लक असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जा. बाहेर देताना फक्त फ्लेक्स बदलायची की आणखी काही, ते आधी विचारा आणि जुना भाग परत मागा. पॉवर बटणातच बोटाचा ठसा घेणारा सेन्सर असेल, तर काम झाल्यावर तो दुकानातच तपासून घ्या. एकदा उघडलेला फोन पूर्वीइतका पाणीरोधक राहीलच असं नाही, तेव्हा पावसात तो पिशवीतच ठेवा.

बटण अजून चालतंय तोवर हा मेनू आजच चालू करून ठेवा. घरातल्या मोठ्यांच्या फोनवर तर नक्कीच.